दर सांगण्याआधी

समजा, तुम्ही सोलापुरात राहता. तुमच्या चाचांचा टर्किश टॉवेल विणण्याचा लहानसा कारखाना आहे. दहावीची परीक्षा झाली आहे आणि तुम्ही रोज दुपारी कारखान्याच्या टेबलाशी बसता. आतल्या खोलीत यंत्रमाग खडखडत असतात. चाचा मागांवर लक्ष ठेवतात आणि आलेली पत्रे, ई-मेल, मोबाइलवरचे निरोप वाचून उत्तर लिहिण्याचे काम तुमच्याकडे आहे.

एके दिवशी पुण्याहून एक पत्र येते. पत्र एका हॉटेल कंपनीचे आहे. त्यात फक्त चार ओळी आहेत.

“महोदय,
आमच्या हॉटेलांसाठी पांढरे टॉवेल घ्यावयाचे आहेत. एकूण सुमारे २००० नग लागतील. माल चांगल्या प्रतीचा असावा. आपला कमीत कमी दर ताबडतोब कळवावा.
खरेदी अधिकारी”

दोन हजार टॉवेल! तुम्हांला आनंद होतो. एवढी मोठी मागणी रोज येत नाही. कारखान्यात एक टॉवेल १८० रुपयांना जातो, हे तुम्हांला ठाऊक आहे. तुम्ही लगेच लिहू लागता : “एका टॉवेलचा दर १८० रुपये.” तेवढ्यात चाचा बाहेर येतात. तुमच्या खांद्यावरून कागद वाचतात आणि म्हणतात, “थांब बेटा. अजून कोणी मागणी केलेली नाही. त्यांनी फक्त विचारले आहे. आधी पत्राची पोच दे. मग आपण त्यांना विचारू. दर सगळ्यांत शेवटी.”

चाचांनी असे का सांगितले, ते या पाठात पाहू.

चौकशी आणि मागणी

एखादा ग्राहक माल घेण्याचा विचार करतो, तेव्हा तो निरनिराळ्या कारखान्यांना पत्रे लिहून माहिती विचारतो. अशा पत्राला चौकशीपत्र म्हणतात. माल नक्की घ्यायचे ठरले, की तो जे पत्र पाठवतो, ते मागणीपत्र. ही दोन पत्रे वेगळी आहेत. पुण्याहून आलेले पत्र चौकशीपत्र आहे. असेच पत्र आणखी चार-पाच कारखान्यांनाही गेले असेल.

चौकशीमुळे कोणीही बांधला जात नाही. पण घाईने दिलेल्या उत्तरामुळे विकणारा बांधला जाऊ शकतो. आपल्या देशात १८७२ चा करार कायदा आहे. त्याचे मूळ तत्त्व असे, की एकाने प्रस्ताव मांडावा आणि दुसऱ्याने तो जसाच्या तसा स्वीकारावा, म्हणजे त्यांच्यात करार होतो. “तुम्हांला २००० टॉवेल प्रत्येकी १८० रुपयांनी देतो,” असे तुम्ही लिहिले आणि त्यांनी “मान्य आहे” असे कळवले, तर नंतर “आम्हांला वाटले होते, तुम्हांला हलका टॉवेल हवा आहे,” असे म्हणणे अवघड जाते. म्हणून पहिल्या उत्तरात दर नसतो. त्यात दोनच गोष्टी असतात : पत्र मिळाल्याची पोच आणि काही नेमके प्रश्न.

पोच कशी द्यावी ?

पोच म्हणजे “तुमचे पत्र आमच्यापर्यंत पोचले” असे कळवणे. हे काम शक्यतो त्याच दिवशी करावे. प्रश्नांची उत्तरे मिळायला आठ दिवस लागले तरी चालते. पण पोच यायलाच आठ दिवस लागले, तर ग्राहक समजतो, की या कारखान्याला माल विकायचा नाही.

पोच देताना नुसते “पत्र मिळाले” एवढे लिहून भागत नाही. त्यांच्या पत्राची तारीख लिहावी. मोठ्या कंपनीत रोज अनेक पत्रे जातात, तारखेवरून त्यांना आपले पत्र सापडते. मग त्यांनी काय मागितले आहे, ते आपल्या शब्दांत एका वाक्यात परत सांगावे. आपली काही गैरसमजूत झाली असेल, तर ती इथेच उघड होते. शेवटी, दर केव्हा कळवू ते सांगावे. “लवकरच कळवू” असे लिहू नये. “आपले उत्तर आल्यापासून तीन दिवसांत कळवू” असे लिहावे. मुदत सांगितली, की ग्राहक वाट पाहतो.

आता प्रश्नांकडे वळू. पुण्याच्या पत्रात चार गोष्टी अर्धवट आहेत : टॉवेल कसा हवा, किती हवे, कोठे पोचवायचे आणि ग्राहकाने किती खर्च ठरवला आहे. या चारांपैकी प्रत्येक गोष्ट बदलली, की दर बदलतो.

पहिला प्रश्न : माल नेमका कसा ?

“चांगल्या प्रतीचा” या शब्दांना व्यापारात काही अर्थ नाही. तुमच्या घरी जो टॉवेल चांगला, तो हॉटेलात चालेलच असे नाही. म्हणून मालाचा तपशील मोजता येईल अशा शब्दांत विचारावा लागतो. टॉवेलच्या बाबतीत सगळ्यांत महत्त्वाची दोन मापे आहेत. एक लांबी-रुंदी आणि दुसरे वजन.

लांबी-रुंदी विचारताना माप इंचांत आहे की सेंटीमीटरमध्ये, हे जरूर विचारावे. बाजारात “तीस बाय साठ” असे बोलतात, तेव्हा ते इंच असतात. तीस बाय साठ इंच म्हणजे सुमारे ७५ सेंटीमीटर रुंद आणि १५० सेंटीमीटर लांब. हा अंघोळीचा मोठा टॉवेल झाला. पण “चाळीस बाय साठ” असे कोणी लिहिले आणि त्याच्या मनात सेंटीमीटर असले, तर तो हात पुसण्याचा लहान टॉवेल आहे.

वजन समजून घ्यायला थोडा हिशेब करावा लागतो. टर्किश टॉवेलच्या अंगावर सुताचे बारीक बारीक वेढे असतात. हेच वेढे पाणी शोषून घेतात. वेढे उंच आणि दाट असले, की टॉवेल जाड होतो आणि त्याला सूत जास्त लागते. ही जाडी डोळ्यांनी मोजता येत नाही, म्हणून वजनावरून मोजतात. एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद तुकड्याचे वजन किती ग्रॅम भरेल, त्या आकड्याला व्यापारी जीएसएम म्हणतात. ४०० जीएसएमचा टॉवेल म्हणजे दर चौरस मीटरला ४०० ग्रॅम वजनाचा टॉवेल.

आता आपला मोठा टॉवेल घ्या. त्याचे क्षेत्रफळ ०.७५ × १.५० = १.१२५ चौरस मीटर. ४०० जीएसएमच्या टॉवेलचे वजन १.१२५ × ४०० = ४५० ग्रॅम. ५०० जीएसएमच्या टॉवेलचे वजन सुमारे ५६२ ग्रॅम. दोन्ही टॉवेल पांढरे, दोन्ही एकाच लांबी-रुंदीचे. पण एकाला दुसऱ्यापेक्षा ११२ ग्रॅम सूत जास्त लागते. हिशेब सोपा व्हावा म्हणून मानू, की चाचांना तयार टॉवेल किलोला ४०० रुपयांनी परवडतो. मग पहिल्या टॉवेलचा दर १८० रुपये होतो आणि दुसऱ्याचा २२५ रुपये. एका टॉवेलमागे ४५ रुपयांचा फरक पडला. दोन हजार टॉवेलांमागे तो ९०,००० रुपये होतो. तुम्ही घाईने १८० रुपये लिहून पाठवले असते आणि त्यांच्या मनात जाड टॉवेल असता, तर हे ९०,००० रुपये चाचांच्या खिशातून गेले असते.

पण इथे एक अडचण आहे. हॉटेलच्या खरेदी अधिकाऱ्याला जीएसएम माहीत असेलच असे नाही. सुताचा नंबर तर त्याला बहुधा माहीत नसतोच. ज्याचे उत्तर समोरच्याजवळ नाही, असा प्रश्न विचारला, की तो उत्तर देण्याचे टाळतो, नाहीतर अंदाजाने काहीतरी लिहितो. म्हणून चाचा म्हणतात, “त्यांना लिही, जीएसएम माहीत असेल तर कळवा. नसेल, तर सध्या वापरता तसा एक टॉवेल नमुना म्हणून पाठवा. आपण इथे मोजू आणि तोलू.” आणि ते पुढे सांगतात, “पण न वापरलेला, कोरा टॉवेल माग.” कारण वापरलेला टॉवेल अनेकदा धुतलेला असतो. धुण्यात तो आटतो आणि त्याचे बारीक तंतू निघून जातात. लांबी-रुंदीही कमी झालेली आणि वजनही कमी झालेले. अशा टॉवेलवरून काढलेला आकडा फसवा असतो.

तपशिलात आणखी दोन बारीक गोष्टी येतात. टॉवेल पूर्ण पांढरा हवा, की कडेला रंगीत पट्टी हवी? हॉटेलात टॉवेल गरम पाण्याने आणि कडक पावडरीने धुतात. तेव्हा पट्टीचा रंग उतरून पांढऱ्या भागावर पसरला, तर सगळा माल परत येईल. रंगीत पट्टी हवी असेल, तर पक्क्या रंगाचे सूत घ्यावे लागेल. आणि टॉवेलवर हॉटेलचे नाव विणायचे आहे का? नाव विणायचे तर मागावर त्याची नक्षी बसवावी लागते. तो खर्च १०० टॉवेल असोत की २०००, एकदाच करावा लागतो.

दुसरा प्रश्न : नग किती ?

“सुमारे २००० नग” हे वाचायला स्पष्ट वाटते. पण त्यात तीन शंका आहेत.

पहिली शंका अशी, की हे सगळे नग एकाच मापाचे आहेत का? हॉटेलच्या एका खोलीत अंघोळीचा टॉवेल असतो आणि हात पुसण्याचाही असतो. पत्रात फक्त “टॉवेल” म्हटले आहे. प्रत्येक मापाचे किती नग, हे वेगवेगळे विचारले पाहिजे.

दुसरी शंका म्हणजे, सगळा माल एकदम हवा आहे की थोडा थोडा? माग चालू करण्यापूर्वी त्यावर ताण्याच्या सुताचे मोठे रीळ चढवावे लागते. त्याला बीम म्हणतात. टर्किश टॉवेलच्या मागाला असे दोन बीम लागतात. एकातून टॉवेलचे मूळ कापड तयार होते, दुसऱ्यातून वर दिसणारे वेढे. ही मांडणी करण्यात वेळ आणि मजुरी जाते. एकदा मांडणी केली आणि २००० टॉवेल विणून काढले, तर खर्च सगळ्यांवर वाटला जातो. दर महिन्याला दोनशेच हवे असतील, तर पुन्हा पुन्हा मांडणी करावी लागेल, नाहीतर सगळा माल विणून गोदामात ठेवावा लागेल. दोन्हींत खर्च वाढतो.

तिसरी शंका लहान आहे, पण बांधणीच्या वेळी हमखास पुढे येते. टॉवेल डझनाने बांधतात. २००० ला १२ ने भागले, तर १६६ डझन होतात आणि ८ नग उरतात. म्हणून “सुमारे” या शब्दाची मर्यादा विचारून घ्यावी. थोडे नग जास्त किंवा कमी झाले तर चालतील का? चालणार असतील, तर पूर्ण डझनांत माल देता येतो.

तिसरा प्रश्न : माल कोठे पोचवायचा ?

पत्रावर पत्ता पुण्याचा आहे. म्हणून माल पुण्याला न्यायचा, असे तुम्ही गृहीत धराल. पण पुण्यात त्या कंपनीचे कार्यालय आहे. टॉवेल कार्यालयात लागत नाहीत, हॉटेलात लागतात. आणि पत्रातला शब्द पाहा : “आमच्या हॉटेलांसाठी.” हॉटेले एकाहून जास्त आहेत. ती कोणत्या गावी आहेत, हे पत्रात लिहिलेले नाही.

समजा, एक हॉटेल महाबळेश्वरला आहे. सोलापूरहून पुण्याला माल नेणे सोपे, तो सरळ रस्ता आहे. महाबळेश्वरला जायला घाट चढावा लागतो. मोठ्या मालगाडीतून आलेला माल खालच्या गावी उतरवून लहान टेम्पोत भरावा लागला, तर भाडे आणि हमाली दोनदा पडते. म्हणून प्रत्येक ठिकाणाचे गाव आणि तेथे किती नग द्यायचे, हे विचारावे.

त्याबरोबर दोन गोष्टी विचाराव्यात. माल हॉटेलच्या दारात हवा, की मालवाहतूक कंपनीच्या गोदामातून ते स्वतः उचलतील? आणि वाहतुकीचे भाडे कोण देणार? मालवाहतूक कंपनी माल घेताना जी पावती देते, तिला बिल्टी म्हणतात. माल घेणाऱ्याने भाडे द्यायचे असेल, तर ती ‘टू-पे’ बिल्टी होते. हे आधी ठरले नाही, तर माल गोदामात येऊन पडतो आणि भाड्यावरून भांडण सुरू होते.

ठिकाणाबरोबर तारीखही विचारावी. “ताबडतोब” म्हणजे केव्हा? हॉटेलवाल्यांना बहुधा सुट्ट्यांचा हंगाम सुरू होण्याआधी माल हवा असतो. ती तारीख कळली, तरच तोपर्यंत माल विणून होईल की नाही, हे चाचा सांगू शकतात.

चौथा प्रश्न : मनातला दर काय ?

हा प्रश्न सगळ्यांत नाजूक आहे. “तुम्ही किती पैसे द्याल?” असे सरळ विचारले, तर ते उद्धटपणाचे वाटते. शिवाय ग्राहकाला भीती असते, की आपण २०० म्हटले, तर हा १७० चा माल २०० ला देईल. त्यामुळे बरेच ग्राहक या प्रश्नाचे उत्तर देत नाहीत.

मग हा प्रश्न विचारायचा कशासाठी? टॉवेलचे वजन बदलून दर बदलता येतो, हे आपण पाहिले. ग्राहकाने ठरवलेली मर्यादा कळली, की त्या पैशांत बसणारा चांगल्यात चांगला टॉवेल कोणता, हे कारखानदार सांगू शकतो. मर्यादा न कळता आपण २२५ चा टॉवेल सुचवला आणि त्याच्याजवळ २०० च रुपये असले, तर तो काही न बोलता दुसऱ्या कारखान्याकडे जाईल. आपल्याकडे २०० च्या आसपासचाही टॉवेल होता, हे त्याला कळणारच नाही.

म्हणून हा प्रश्न शेवटी विचारावा आणि कारण सांगून विचारावा. ग्राहकाने उत्तर दिले नाही, तर पुन्हा पुन्हा विचारू नये. त्याऐवजी दोन वजनांच्या टॉवेलांचे दोन दर कळवावेत. त्यातून निवड तो स्वतः करील.

पत्राचा नमुना

या सगळ्या विचारातून तुम्ही लिहिलेले पत्र असे होईल :

“प्रति,
खरेदी अधिकारी

विषय : पांढऱ्या टॉवेलांबाबत आपली चौकशी

महोदय,
आपले दि. ४ जुलैचे पत्र आज मिळाले. आभारी आहोत. आपल्या हॉटेलांसाठी सुमारे २००० पांढऱ्या टॉवेलांचा दर आपण विचारला आहे, असे आम्ही समजतो. दर नेमका सांगता यावा, म्हणून कृपया पुढील माहिती कळवावी.

१. टॉवेलची लांबी व रुंदी किती सेंटीमीटर असावी? जीएसएम किती असावे? ते माहीत नसल्यास सध्याच्या टॉवेलचा एक कोरा नमुना पाठवावा. कडेला रंगीत पट्टी किंवा हॉटेलचे नाव हवे आहे काय?
२. एकाहून अधिक मापांचे टॉवेल हवे असल्यास प्रत्येक मापाचे नग किती? सर्व माल एकदम हवा की टप्प्याटप्प्याने? पूर्ण डझन करण्यासाठी काही नग कमी-जास्त झाल्यास चालतील काय?
३. माल कोणकोणत्या गावी व कोणत्या तारखेपर्यंत पोचवावयाचा आहे? तो हॉटेलच्या दारात हवा काय? वाहतुकीचे भाडे दरात धरावे की वेगळे दाखवावे?
४. प्रत्येक टॉवेलसाठी आपण काही खर्चाची मर्यादा ठरवली असल्यास ती कळवावी, म्हणजे तीत बसणारा योग्य वजनाचा टॉवेल आम्हांला सुचवता येईल.

आपले उत्तर व नमुना मिळाल्यापासून तीन दिवसांत आम्ही दरपत्रक पाठवू.
कळावे,
आपला विश्वासू”

या पत्रात प्रश्नांना क्रमांक दिले आहेत. त्यामुळे उत्तर देणारा क्रमांक घालून उत्तरे लिहू शकतो आणि एखादे राहिले, तर लगेच दिसते. पत्राऐवजी ई-मेल किंवा मोबाइलवरचा निरोप पाठवायचा असला, तरी रचना हीच ठेवावी. आणि ग्राहकाने फोनवर उत्तरे दिली, तर फोन ठेवल्याबरोबर ती लिहून काढावीत आणि “आपण फोनवर असे सांगितले” म्हणून त्याच्याकडे पाठवावीत. बोललेले दोघेही विसरतात.

तुम्हांला या पत्रातले बरेच शब्द ओळखीचे वाटले असतील. दर आणि नमुना यांच्याप्रमाणे तपशील, हिशेब, वजन, किंमत, खर्च, मुदत, रक्कम हे शब्दही तुम्ही उर्दूत रोज वापरता. उर्दूतला ‘तफसील’ मराठीत ‘तपशील’ झाला आणि ‘हिसाब’ ‘हिशेब’ झाला. बाजाराची भाषा तुम्हांला परकी नाही.

उत्तर आले, तेव्हा

आठ दिवसांनी उत्तर येते. सोबत एक कोरा टॉवेल असतो. तुम्ही तो पसरून मोजता. ७५ बाय १५० सेंटीमीटर. काट्यावर ठेवता. ५६२ ग्रॅम. ५६२ ला १.१२५ ने भागता, तर उत्तर जवळजवळ ५०० येते. म्हणजे त्यांना ५०० जीएसएमचा जाड टॉवेल हवा आहे.

पण पत्रात आणखी माहिती आहे. २००० नगांपैकी मोठे टॉवेल १२००च आहेत. उरलेले ८०० नग हात पुसण्याचे आहेत, ४० बाय ६० सेंटीमीटरचे. पट्टी नको, नाव नको. निम्मा माल महाबळेश्वरला आणि निम्मा लोणावळ्याला, दिवाळीपूर्वी दारात पोचवायचा. दोन-चार नग कमी-जास्त चालतील. मोठ्या टॉवेलसाठी त्यांची मर्यादा २०० रुपयांची आहे.

आता हिशेब करा. लहान टॉवेलचे क्षेत्रफळ ०.४० × ०.६० = ०.२४ चौरस मीटर. ५०० जीएसएमने त्याचे वजन १२० ग्रॅम आणि किलोला ४०० च्या हिशेबाने दर ४८ रुपये. प्रत्यक्षात लहान टॉवेलला शिलाई जास्त लागते, म्हणून त्याचा दर याहून थोडा वर जाईल. तरी तुमच्या पहिल्या दिवसाच्या उत्तराकडे आता परत बघा. प्रत्येक टॉवेल १८० रुपये! मोठ्या टॉवेलात चाचांचे नगामागे ४५ रुपये, म्हणजे १२०० नगांमागे ५४,००० रुपये बुडाले असते. आणि ४८ चा लहान टॉवेल १८० ला सांगितलेला पाहून ग्राहकाने पत्र बाजूला टाकले असते. एकच दर दोन्ही बाजूंनी चुकला असता.

राहिली २०० रुपयांची मर्यादा. ५०० जीएसएमचा मोठा टॉवेल २२५ रुपयांना पडतो. तो २०० ला देता येत नाही. चाचा कागदावर आकडे मांडतात. ४५० जीएसएमच्या टॉवेलचे वजन सुमारे ५०६ ग्रॅम, म्हणून दर २०२ रुपये ५० पैसे. मर्यादेच्या अगदी जवळ. ते म्हणतात, “दोन्ही दर लिही. दोन्ही वजनांचा एकेक नमुना पाठव. हात लावून पाहतील आणि ठरवतील. मोठे टॉवेल १०० डझन होतात. लहान ८०० ऐवजी ८०४ सुचव, ६७ डझन पुरे होतील. दोन्ही गावांचे भाडे वेगळे दाखव. आणि दर किती दिवस राहील, तेही लिही. सुताचा भाव वर-खाली होत असतो.”

आता तुम्ही दरपत्रक लिहायला बसता. त्यातल्या प्रत्येक आकड्यामागे ग्राहकाने स्वतः कळवलेली एक गोष्ट आहे. ते ५०० जीएसएम घेतील, ४५० घेतील किंवा दुसऱ्या कारखान्याकडेही जातील. पण मागणी आली, तर ती कोणत्या टॉवेलची, किती नगांची आणि कोणत्या गावची, हे दोघांनाही सारखेच ठाऊक असेल.

स्वाध्याय

१. चौकशीपत्र आणि मागणीपत्र यांत काय फरक आहे?
२. नमुन्याचा टॉवेल कोरा का मागवला?
३. ग्राहकाने ठरवलेली खर्चाची मर्यादा का विचारावी? ती कशी विचारावी?
४. ६० × १२० सेंटीमीटरच्या टॉवेलचे वजन ३६० ग्रॅम आहे. त्याचे जीएसएम काढा.
५. एका शाळेने तुमच्या दुकानाला लिहिले आहे : “मुलांसाठी ५०० वह्या हव्यात. दर कळवा.” या पत्राची पोच देऊन चार प्रश्न विचारणारे पत्र लिहा.